प्रकाश, क्रॉप की मागचा पसारा? फोटोचं चित्र करण्याआधी हात कशाला घालावा

मावशीच्या पंच्याहत्तरीला तिच्या फोटोवरून केलेलं जलरंगासारखं चित्र फ्रेम करून द्यायचं ठरलं, तेव्हा माझ्याकडे तिचा त्यातल्या त्यात बरा असा एकच फोटो होता. मावसभावाच्या लग्नातला. मांडवात खुर्चीवर बसली आहे, नथ घातली आहे, हसू अगदी तिचं आहे. पण डोक्यावर फोकसचा दिवा, मागे झेंडूच्या माळा आणि डाव्या कडेने कुणाचं तरी कोपर घुसलेलं. फोटो होता तसाच फिल्टरमधून काढला. जे चित्र आलं त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होते, नथ वरच्या ओठाला चिकटून मिशीचा तुकडा झाली होती आणि झेंडूची एक माळ थेट अंबाड्यातून उगवली होती.

फिल्टर बदलून पाहिले. खड्डे तसेच, फक्त काळ्याऐवजी तपकिरी. मग लक्षात आलं की चित्र बिघडत होतं ते फोटोतच. फिल्टरला नाक म्हणजे काय आणि नाकाची सावली म्हणजे काय हे ठाऊक नसतं. उजेड जिथे झटकन काळोखात बदलतो, तिथे त्याच्या लेखी एक कड असते. त्या कडेवर तो रेघ मारतो किंवा तिथे रंगाचा थर बदलतो. त्यामुळे फोटोत डोळ्याला खटकत नसलेली गोष्टसुद्धा चित्रात अंगावर येते.

तयारीच्या जागा तीनच: चेहऱ्यावरचा प्रकाश, फोटोचा क्रॉप आणि मागचा पसारा. वेळ मात्र एका संध्याकाळपुरता. म्हणून मी तोच फोटो वेगवेगळी तयारी करून त्याच सेटिंगवर पुन्हा पुन्हा काढून पाहिला आणि शेवटी मावशीलाच खिडकीपाशी बसवून नवा फोटो घेतला. कशाने किती फरक पडला, ते पुढे सांगतो.

आधी चित्राची जात ठरवा

एकाच दोषाचा त्रास सगळ्या चित्रांना सारखा होत नाही. घरच्या घरी फोटोचं चित्र करायचे तीन प्रकार असतात. पहिला रेघांचा: पेन्सिल स्केच, काळंपांढरं स्टेन्सिल, कार्टूनची जाड बाह्यरेषा. दुसरा रंगाच्या थरांचा: जलरंग किंवा तैलरंग भासवणारे फिल्टर. ते बारीक तपशील पुसून मोठे सपाट पट्टे ठेवतात. तिसरा प्रकार एआय मॉडेलचा, जे तुमचा फोटो समोर ठेवून चित्र नव्याने काढतं. स्टेबल डिफ्यूजन नावाच्या मॉडेलची इमेज-टू-इमेज पद्धत ही त्यातलीच.

रेघांच्या चित्राला सगळ्यात जास्त त्रास मागच्या पसाऱ्याचा होतो, कारण मंगळसूत्राची कड आणि मागच्या कॅलेंडरची कड त्याला सारख्याच मोलाच्या वाटतात. थरांच्या चित्राला प्रकाश छळतो. तिसऱ्या प्रकाराची गोष्ट निराळी आहे. तिथे फोटोवर आधी गोंगाट, म्हणजे रंगीत दाणे, मिसळतात आणि मग त्यातून चित्र परत वर काढतात. मिसळताना बारीक गोष्टी आधी बुडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार शेवटपर्यंत तग धरतात. म्हणून मावशीच्या गालावरची गडद सावली मॉडेलने दाढी समजून इमानेइतबारे रंगवली. गोंगाट किती मिसळायचा हे ठरवणारी `Denoising strength` जितकी वाढवाल, तितके ते मोठे आकारच काय ते उरतात आणि बाकीचं मॉडेल आपल्या मनाने भरतं.

क्रॉप: फुकटातला सगळ्यात मोठा फायदा

लोक प्रकाशापासून सुरुवात करतात. मी क्रॉपपासून करीन, कारण दोन मिनिटांच्या कामात जितका फरक क्रॉप पाडतो, तितका दुसरं काही पाडत नाही.

लग्नातला फोटो 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा होता. म्हणजे भरपूर, असं वाटतं. पण मावशीचा चेहरा त्यात सुमारे 400 पिक्सेल रुंद होता. बाकी सगळा मांडव. चित्र करणारी बहुतेक साधनं फोटो आधी लहान करतात. लांब बाजू 4000 वरून 1024 वर आली की चेहरा 102 पिक्सेलचा राहतो. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात तसा चेहऱ्याच्या रुंदीचा पाचवा भाग म्हणजे एक डोळा, असं धरलं तर डोळ्याच्या वाट्याला वीसेक पिक्सेल आले. त्यात पापणी, बुबुळ आणि बुबुळातला प्रकाशाचा ठिपका बसवायचा!

स्टेबल डिफ्यूजनमध्ये तर फोटो आणखी आठपट आकसून आतल्या जाळीत जातो. तिथे मावशीच्या डोळ्याला अडीच घरं मिळाली. अडीच घरांत नजर मावत नाही. मॉडेल मग कुणाचा तरी डोळा काढून देतं आणि आपण म्हणतो, 'चित्र छान आहे हो, पण ही आपली मावशी नाही.'

तोच फोटो मी खांद्यापासून वरचा, 1000 गुणिले 1250 एवढा कापला. लांब बाजू 1250 ची 1024 झाली, तर चेहरा 328 पिक्सेल रुंद राहतो आणि डोळा 65 च्या आसपास. आतल्या जाळीत आठ घरं. कापल्याने फोटोत एकही पिक्सेल वाढला नाही. जे होते ते मांडवावर खर्च व्हायचे थांबले, एवढंच. मावशीचे खड्डे गेले नाहीत, पण खड्ड्यांच्या आत डोळे आहेत हे पहिल्यांदा कळलं.

किती घट्ट कापायचं यावर मात्र दोन मतं असतात. काही जण चेहरा फ्रेमभर घेतात. तसं केलं तर तपशील सगळ्यात जास्त मिळतो, पण डोक्यावरचे केस आणि हनुवटीखालचा भाग कापला गेला की थरांचे फिल्टर कडेपाशी गोंधळतात. तिथे ब्रश अर्धवट तुटल्यासारखा दिसतो. शिवाय फ्रेमवाला माऊंटखाली चारी बाजूंनी थोडं दाबतोच. मी डोक्यावर चेहऱ्याच्या उंचीच्या चौथाईएवढी जागा ठेवतो आणि खाली खांदे पूर्ण घेतो. साडीचा काठ आणि पदराची रेषा चित्रात असली की नुसतं डोकं तरंगल्यासारखं वाटत नाही. कमरेपर्यंतचा क्रॉप घेऊ नका. त्यात हात येतात, आणि मांडीवर एकमेकांत गुंफलेली बोटं बऱ्याच साधनांना धड जमत नाहीत.

प्रमाण चित्राच्या फ्रेमचंच ठेवा. 8 गुणिले 10 इंची फ्रेम असेल तर 4 ला 5. चित्र झाल्यावर कापलं तर ब्रशच्या खुणांचा तोलही कापला जातो.

एक भानगड फिल्टरच्या बाजूनेही आहे. पायथनमधून वापरता येणाऱ्या ओपनसीव्ही या लायब्ररीतला फुकटचा `stylization` फिल्टर फोटो आपणहून लहान करत नाही, पण त्याचा ब्रश किती लांबवर पसरावा हे `sigma_s` पिक्सेलमध्ये मोजतं. 60 हा आकडा 4000 पिक्सेलच्या फोटोवर जेमतेम जाणवतो, 1200 च्या फोटोवर चांगला दिसतो. तुलना करायची तर प्रत्येक वेळी आकार एकच हवा, नाहीतर तयारीचा फरक कुठला आणि आकाराचा कुठला हे कळत नाही. माझ्या चाचण्या एवढ्यावर झाल्या:

```python
import cv2
img = cv2.imread("mavshi_crop.png")
img = cv2.resize(img, (960, 1200), interpolation=cv2.INTER_AREA)
out = cv2.stylization(img, sigma_s=60, sigma_r=0.45)
cv2.imwrite("chitra.png", out)
```

आणि फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो लहान होतो, वर पुन्हा दाबलाही जातो. जेपीजी फोटो 8 गुणिले 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेला असतो. जास्त दाबला की त्या चौकोनांच्या कडा दिसू लागतात आणि फिल्टर त्याही रंगवतो.

प्रकाश: दुरुस्ती की नवा फोटो?

या दोन वाटांमध्ये सगळ्यात मोठी तफावत इथेच आहे.

मांडवातला फोकस वरून येत होता. भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर पडली होती. जिंप या फोटो सुधारायच्या फुकट प्रोग्राममध्ये रंग टिपायच्या पिचकारीने मोजलं, तर कपाळ 255 होतं, म्हणजे पूर्ण पांढरं. उजवा गाल 190, डावा 60 आणि डोळ्यांची खोबण 25 च्या आसपास. 0 म्हणजे ठार काळं, 255 म्हणजे ठार पांढरं.

आधी दुरुस्तीची वाट धरली. जिंपच्या `Colors > Shadows-Highlights` मध्ये सावल्या उजळल्या. फोटो पाहायला बरा झाला, बायकोने 'बघ, झालं की' असंही म्हटलं. पण चित्र केल्यावर डोळ्यांखाली हिरवट-जांभळे डाग आले. कारण साधं आहे. 25 च्या आसपासच्या मोजक्या पायऱ्या ताणून 90 पर्यंत नेल्या की पायऱ्यांमधली दरी दिसायला लागते आणि सेन्सरचे दाणेही तितकेच फुगतात. फोटोत ते दाणे डोळा माफ करतो, फिल्टर मात्र त्यांना रंगाचा ठिपका समजून प्रत्येकाला स्वतंत्र थर देतो. थोडंच उजळलं, म्हणजे 25 चं 45 केलं, तेव्हा डाग आले नाहीत आणि खड्डे थोडे उथळ झाले. तेवढ्यावर थांबलो. दुरुस्तीतून मिळतं ते एवढंच.

कपाळाचं तर काहीच करता आलं नाही. 255 च्या जागी माहितीच नसते. स्लायडर खाली ओढला की पांढऱ्याचं राखाडी होतं, त्वचा होत नाही. चित्रात तिथे कोऱ्या कागदाचा ठिगळ उरला. काळोखातून थोडंफार वर काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातून काहीच नाही. म्हणून फोटो घेताना शंका आली तर किंचित गडदच घ्यावा.

अजून एक मोह टाळा. फोनमधलं 'क्लॅरिटी', 'एचडीआर' किंवा 'स्ट्रक्चर' नावाचं बटण. त्याने फोटो चटकदार होतो, कारण ते प्रत्येक बारीक कडेचा फरक वाढवतं. रेघांच्या चित्रात मग प्रत्येक सुरकुतीला नाकाच्या रेषेएवढीच जाड रेघ मिळते आणि पंच्याहत्तरीची बाई नव्वदीची दिसते. उलट ब्यूटी मोडने सुरकुत्या पुसल्या तर थरांच्या फिल्टरला गालावर धरायला काहीच सापडत नाही आणि चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा होतो. दोन्ही बंद.

आता नवा फोटो. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मावशीकडे गेलो. तिची स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, तिथे थेट ऊन येत नाही. (मे ते जुलै मात्र महाराष्ट्रात सूर्य दुपारी डोक्यावरून उत्तरेकडे कलतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतही कवडसे येतात. पातळ पांढरी चादर लावली की झालं.) घरातले सगळे दिवे बंद केले. हे लोक विसरतात. खिडकीचा उजेड निळसर, पिवळा बल्ब नारिंगी, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. डोळ्याला ते चालतं. थरांच्या फिल्टरला ती दोन माणसांची कातडी वाटते.

मावशीला खिडकीपासून साधारण मीटरभर अंतरावर बसवलं, खिडकी तिच्या डाव्या-पुढच्या बाजूला, 45 अंशांवर. उजव्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकली, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर. चादर काढून आणि ठेवून दोन फोटो घेतले. चादर नसताना सावलीचा गाल 85 होता, चादर ठेवल्यावर 130. उजेडाचा गाल दोन्हीकडे 195 च्या जवळपास. हा 195 आणि 130 मधला फरक मला सगळ्यात सोयीचा वाटतो. नाकाला उठाव राहतो, पण नाकाच्या सावलीची कड इतकी मऊ असते की फिल्टर तिच्यावर रेघ मारत नाही. फरक पार घालवायचाही नाही. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्याला चित्रात नाकच उरत नाही, दोन नाकपुड्या काय त्या दिसतात.

मावशी म्हणाली, 'अरे, पावडर तरी लावू दे.' मी म्हटलं, 'लाव, फक्त कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला.' तेलकट कपाळावरची चमक म्हणजे छोटा जळलेला पांढराच असतो. चष्मा जरा नाकावर खाली घ्यायला लावला, काचेतली खिडकी गेली. फोन दोन मीटर मागे नेऊन 2x ने घेतला, कारण हातभर अंतरावरून नाक मोठं येतं आणि चित्र ते आणखी वाढवून दाखवतं. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाचा स्लायडर किंचित खाली ओढला. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली दहा चहाची.

त्या फोटोचं चित्र पहिल्याच फटक्यात आलं. सेटिंगला हातही लावला नाही. नथ नथच राहिली, कारण तिच्याखाली आता सावली नव्हती.

चित्र करण्याआधीच निकाल कळतो

प्रकाश पुरेसा झाला की नाही हे ठरवायला चित्र करून बघायची गरज नाही. फोटो काळापांढरा करा आणि जिंपमध्ये `Colors > Posterize` ने चार पायऱ्यांवर आणा. चार सपाट रंगांत मावशी ओळखू आली, तर फिल्टरलाही ती सापडेल. लग्नाच्या फोटोत या चाचणीत डोळे आणि नाकाखालची जागा मिळून एकच काळा ढग झाला होता. खिडकीच्या फोटोत डोळे वेगळे, ओठ वेगळे, अंबाडा वेगळा. स्टेन्सिल करायचं असेल तर चाचणी आणखी कडक हवी: `Colors > Threshold`, फक्त दोन रंग. संगणक नसेल तर डोळे किलकिले करून फोनकडे बघा. चित्रकार समोरच्या माणसाकडे तसेच बघतात, ते उगाच नाही.

मागचा पसारा: काढावा, धूसर करावा की राहू द्यावा

मागचं सगळं काढून टाकायला आता कष्ट पडत नाहीत. पुष्कळ फोनमध्ये बोट दाबून धरलं की माणूस सुटा होतो. संगणकावर `rembg` नावाचं फुकट साधन आहे:

```
rembg i mavshi_crop.png mavshi.png
```

कोपर गेलं, माळा गेल्या. पण सोय आहे म्हणून काम संपत नाही, कारण सुटं केलेल्या माणसाची कड हाच आता फोटोतला सगळ्यात तीव्र फरक असतो. मावशीचे पांढरे केस कानामागे जिथे विस्कटलेले होते, तिथे कात्रीने कापल्यासारखी कड आली आणि केसांच्या मध्येमध्ये झेंडूचा नारिंगी रंग अडकून राहिला. रेघांच्या फिल्टरने त्या कडेवर अशी जाड रेघ मारली की मावशी स्टिकरसारखी दिसू लागली. दोन गोष्टींनी ते निभावलं. कड दोन पिक्सेल आत ढकलून किंचित मऊ केली, आणि कडेवरच्या केसांचा रंग थोडा उतरवला. नारिंगी गेला, राखाडी उरला. राखाडी केसांत खपून जातो.

मागे कोणता रंग भरायचा यात बहुतेकांची चूक होते. हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. पांढऱ्या केसांमागे पांढरी भिंत ठेवली की फिल्टरला कडच सापडत नाही आणि डोक्याचा वरचा भाग कागदात विरघळतो. नियम सोपा: मागचा रंग केसांपेक्षाही वेगळा हवा आणि त्वचेपेक्षाही. मावशीला फिकट राखी-निळा बसला. तरुण माणसाच्या काळ्या केसांमागे फिकट बदामी चालला असता. अगदी एकसारखा सपाट रंगही भरू नका. एका बाजूने किंचित गडद होत जाणारा असला की थरांच्या फिल्टरला ब्रश फिरवायला जागा मिळते.

पारदर्शक पीएनजी तशीच फिल्टरला दिली तर वेगळाच घोटाळा होतो. वरच्या कोडमधलं `imread` पारदर्शकता सरळ टाकून देतं आणि पारदर्शक भागाखाली जो काही रंग लपलेला असेल तो पुढे येतो, पुष्कळदा काळा. माझ्या एका चित्रात मावशी रात्रीच्या अंधारात बसलेली आली ती अशी. आधी रंग भरून, थर एकत्र करून मगच फिल्टरला द्यावं.

दुसरा मार्ग धूसर करण्याचा. मागचं ओळखू येऊ नये इतकं धूसर, पण रंग तेच. माळांचं पिवळं-नारिंगी धुकं झालं आणि जलरंगात ते मला सपाट निळ्यापेक्षा जास्त आवडलं, कारण लग्नाची आठवण राहिली. पण फोनच्या पोर्ट्रेट मोडचं धूसरपण जपून. ते चष्म्याची काडी, कानातले झुबे आणि सुटे केस यांनाही मागचं समजून खातं. फोटोत कळत नाही, चित्रात काडी कानापर्यंत पोचतच नाही.

तिसरा मार्ग म्हणजे काढायचं काहीच नाही, फक्त खटकणाऱ्या दोन गोष्टी क्लोनने, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर चिकटवून, पुसायच्या. मॉडेलकडून चित्र करून घेणार असाल तर मागची अक्षरं आधी पुसा. कॅलेंडर, दुकानाची पाटी, मांडवाच्या कमानीवरची नावं. मॉडेल पुष्कळदा त्यांची अगम्य लिपी करून देतं आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्याआधी तिकडे जाते.

नव्या फोटोत हा सगळा व्याप जवळजवळ वाचला. मावशीची खुर्ची भिंतीपासून दीड मीटर पुढे ओढली होती, त्यामुळे तिची सावली भिंतीवर पडली नाही. खुंटीवरची पिशवी काढली. फिकट हिरवी भिंत तशीच ठेवली, काही कापलं नाही, आणि केसांची कड आजवरची सगळ्यात नैसर्गिक आली.

समोरासमोर ठेवून

| तयारी | लागलेला वेळ | रेघांचं चित्र | रंगाच्या थरांचं चित्र | मॉडेलने काढलेलं |
|---|---|---|---|---|
| फक्त क्रॉप | 2 मिनिटं | थोडं बरं, पसारा कमी | बरं, डोळे दिसले | सगळ्यात मोठा फरक, ओळख पटली |
| क्रॉप + सावल्या उजळणं | 15 मिनिटं | फरक कमी | जपून केलं तर बरं, जास्त केलं तर डाग | दाढी गेली |
| क्रॉप + मागचं काढणं | 40 मिनिटं | मोठा फरक, पण कड सांभाळावी लागते | मध्यम | मध्यम |
| खिडकीपाशी नवा फोटो + क्रॉप | 20 मिनिटं आणि प्रवास | उत्तम | उत्तम | उत्तम |

आकड्यांतली गंमत अशी की सगळ्यात जास्त वेळ मागचं काढण्यात, खरं तर कडेचे केस सुधारण्यात गेला, आणि रेघांचं चित्र सोडलं तर त्याचा परतावा सगळ्यात कमी. तरीही 'फोटो साफ करून दे' म्हटलं की प्रत्येक जण आधी तिथेच हात घालतो, कारण पसारा डोळ्याला दिसतो आणि सावली दिसत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी सैल क्रॉप, मग प्रकाश, मग मागचं, शेवटी नेमका क्रॉप आणि आकार लहान करणं. मागचं आधी काढून नंतर सावल्या उजळल्या, तर कडेवर उरलेला काळपटपणाही उजळतो आणि डोक्याभोवती वलय येतं. देवाच्या फोटोत शोभेल, मावशीला नाही.

तर मग कुणी काय करावं

माणूस भेटण्यासारखा असेल तर दुरुस्तीत पडूच नका. खिडकी, पांढरी चादर, दिवे बंद. हसू मांडवासारखं येणार नाही, हे मान्य. मावशीचंही आलं नाही, कॅमेरा म्हटलं की ती ओठ मिटते. शेवटी मी तिला लग्नातल्या आचाऱ्याने जिलबीच्या पाकात काय घोळ घातला होता ते विचारलं, आणि ती सांगत असतानाचे बारा फोटो काढले. सातवा निवडला.

फोटो एकच आहे, पण प्रकाश बरा आहे, सावलीचा गाल 80 च्या वर आहे: क्रॉप करा आणि थेट चित्राला लागा. मागचं तेवढंच पुसा जेवढं चेहऱ्याला चिकटलेलं आहे. रेघांचं चित्र हवं असेल तरच पूर्ण काढा.

फोटो एकच, आणि प्रकाशही वाईट: चित्राची जात बदला. खड्डे पडलेल्या डोळ्यांच्या फोटोचं जलरंगी चित्र करत बसण्यापेक्षा त्याचं दोन रंगांचं स्टेन्सिल करून पाहा. तिथे गडद सावली दोष नसून आकार असतो. लग्नाच्या फोटोचं मी तसं केलं, `Threshold` चा आकडा थोडा खाली आणून. नथ, कुंकू आणि अंबाड्याची कड एवढंच उरलं, आणि सगळ्यांनी ओळखलं.

राहिले ते गेलेल्या माणसांचे जुने छापील फोटो. तिथे प्रकाश बदलायचा प्रश्न मिटलेला असतो, सगळं काम फोटो संगणकात आणण्याच्या पद्धतीत आहे. फ्रेममधल्या फोटोचा फोनने फोटो काढाल तर काचेवरची ट्यूबलाइट आजोबांच्या फेट्यावर कायमची बसेल. काचेतून बाहेर काढा, स्कॅनरवर 600 डीपीआयने घ्या. कागद खरखरीत, रेशमी पोताचा असेल तर तो पोत स्कॅनमध्ये जाळीसारखा उतरतो आणि फिल्टर ती जाळी गालावर विणतो. अशा वेळी तोच फोटो अर्धा फिरवून, म्हणजे 180 अंशांत, पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही स्कॅन सरळ करून एकावर एक ठेवून वरच्याची अपारदर्शकता 50 टक्के करा. पोताच्या सावल्या उलट बाजूंनी पडलेल्या असतात, त्या बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. मावशीच्या चित्राशेजारी आता काकांचं जे चित्र टांगलं आहे, ते असंच 2 इंची पासपोर्ट फोटोवरून केलंय. त्यात चष्म्याची एक काडी नाही. ती मूळ फोटोतच नव्हती, तुटलेली होती.